पुराची मदत आणि उपचाराचे आवाहन : पैसे पाठवण्याआधी खात्याचे नाव कसे जुळवून पाहावे

वैनगंगेला ऑगस्ट २०२० मध्ये आला तसा महापूर आला किंवा जुलै २०२२ प्रमाणे वर्धा नदीने काठ सोडला, की पाणी ओसरण्याआधीच गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीची आवाहने फिरू लागतात. त्यांपैकी पुष्कळ खरी असतात. फसवणूक करणारा माणूस सहसा नवी गोष्ट रचत नाही. पूर खरा असतो, संस्थेचे नाव खरे असते, आजारी मूलही अनेकदा खरे असते आणि बदललेला असतो तो फक्त खाली दिलेला क्यूआर कोड. म्हणून मजकूर मनाला पटतो की नाही हे तपासत बसण्यापेक्षा, आपण पाठवणार असलेला पैसा नेमका कोणाच्या खात्यात जाणार आहे, हे तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिली पायरी घरबसल्या होते. आवाहनातला क्यूआर स्कॅन करावा, एक रुपया लिहावा आणि पिन टाकण्याच्या पडद्यापाशी थांबावे. पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव तिथे दिसते. ३० जून २०२५ पासून तेच नाव दाखवणे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआय ॲपना बंधनकारक केले आहे. पत्रकावर एखाद्या सेवाभावी संस्थेचे नाव असेल आणि पडद्यावर अनोळखी व्यक्तीचे नाव येत असेल, तर तिथेच मागे फिरावे. यूपीआय आयडी अक्षर-अक्षर वाचावा. २०२० साली पीएम केअर्स निधीचा खरा आयडी pmcares@sbi असा होता आणि ठगांनी एक अक्षर गाळून pmcare@sbi तयार केला होता. घाईत वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला पैसे द्यायचे असतील तर फिरत्या पत्रकावरचा कोड वापरूच नये, cmrf.maharashtra.gov.in हा पत्ता स्वतः टाईप करून तिथल्या खात्यावर द्यावे.

दुसरी पायरी नोंदणीची आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि पत्रकावर सहसा ‘ई’ अक्षर, क्रमांक व कंसात जिल्हा अशा रूपात ती छापलेली असते. हा क्रमांक जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून कोणत्या संस्थेचा आहे ते कळते. मात्र क्रमांक खरा निघाला म्हणजे काम संपले असे नाही, कारण तो जुन्या पावतीवरून कोणीही उतरवून घेऊ शकतो. नोंदणीतले नाव, पत्रकावरचे नाव आणि यूपीआयच्या पडद्यावरचे नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. प्राप्तिकराच्या ८०-जी सवलतीचा उल्लेख पाहूनही फार हुरळून जाऊ नये. त्यातून करसवलत मिळते हे कळते, पैसा कोणत्या गावात पोहोचला हे कळत नाही.

गावातल्या एखाद्या मंडळाने सचिवाच्या स्वतःच्या खात्यावर मदत मागितली तर ती लबाडीच असते असे नाही. नोंदणी नसलेल्या मंडळानेही वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यायची असते, ती दाखवा म्हणून विचारायला संकोच करू नये. परवानगी नसेल आणि माणसे ओळखीची असतील, तर रोख रकमेऐवजी तांदूळ, ताडपत्री किंवा ब्लँकेट त्या गावात नेऊन देणे माझ्या मते अधिक सरळ.

छायाचित्रे तपासताना आपल्या भागाची ओळख कामी येते. भंडारा-गडचिरोलीकडच्या पुराच्या फोटोत ऑगस्टअखेर रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या दिसायला हव्यात. तिथे उभा ऊस दिसत असेल आणि पाण्यातल्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच ३६ किंवा ३३ ऐवजी एमएच ०९ वा १० असेल, तर तो फोटो बहुधा कोल्हापूर-सांगलीकडचा आहे. जुना फोटो भाबडेपणानेही पुढे ढकलला जातो, त्यामुळे तेवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. पण फोटो चुकीचा निघाला तर बाकीचे सगळे दुप्पट काळजीने पाहावे. ज्या गावाचे नाव लिहिले आहे तिथल्या पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला फोन केला, तर अशी मदत तिथे कोणी आणून देत आहे का, हे पाच मिनिटांत कळते.

उपचारासाठीच्या आवाहनात हीच तपासणी रुग्णालयाच्या बाजूने करावी लागते. समजा, ग्रुपवर एक पोस्ट आली आहे : सहा वर्षांचा मुलगा, जन्मतः हृदयाला छिद्र, नागपूरचे खासगी रुग्णालय, खर्च साडेचार लाख, सोबत नळ्या लावलेला फोटो, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि एक क्यूआर कोड. अंदाजपत्रकावर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का आहे का ते पाहावे. मग रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक पोस्टमधून न घेता रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘मुलगा कसा आहे’ असे विचारल्यास उत्तर मिळणार नाही, कारण रुग्णाची माहिती परक्याला सांगायची नसते. त्याऐवजी बिलिंग विभागात असे विचारावे : “या नोंदणी क्रमांकाच्या रुग्णाच्या नावावर दोन हजार रुपये जमा करायचे आहेत, रुग्णालयाचे खाते कोणते?” रुग्ण खरा असेल तर तिथला माणूस खाते सांगतो किंवा काउंटरवर या म्हणतो. क्रमांकच सापडत नाही असे उत्तर आले, तर पोस्ट बनावट असण्याचा दाट संभव आहे.

पोस्टमध्ये मिलाप, केटो किंवा इम्पॅक्टगुरूसारख्या मंचाचे नाव असेल तर दिलेली लिंक दाबू नये. त्या मंचाचे ॲप वेगळे उघडून रुग्णाचे नाव शोधावे आणि तिथेच पैसे द्यावेत. खऱ्या मोहिमेचा फोटो आणि मजकूर जसाच्या तसा उचलून खाली दुसराच क्यूआर चिकटवणे हा नेहमीचा प्रकार आहे, आणि तो केवळ याच तुलनेत उघडा पडतो.

कुटुंबाशी बोलणे झाले तर एक प्रश्न जरूर विचारावा : महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अर्ज केला होता का? या वयाच्या मुलाच्या जन्मजात हृदयविकाराची शस्त्रक्रिया राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही मोफत होऊ शकते. रुग्णालयाच्या खेपा घातलेल्या बापाला योजनेचे काम पाहणारा तिथला आरोग्यमित्र कोण, कोणता कागद कमी पडला, कुठे नकार आला हे सगळे तोंडपाठ असते. “ते सोडा जी, आधी पैसे पाठवा, टाइम नाही” एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू आले तर सावध व्हावे. योजनेत न बसणारे उपचार आणि योजनेत नसलेली रुग्णालये असतात, म्हणून अर्ज नाकारला गेला हा संशयाचा पुरावा मानू नये; उलट त्या नकाराचा तपशील सांगता येणे ही खरेपणाची खूण आहे.

पैसे पाठवून झाल्यावर शंका आली तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा. ग्रुपवरची ती पोस्ट रागाने पुसून टाकू नये, तिचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण त्यातला यूपीआय आयडी आणि फोन क्रमांक यांच्या आधारे ते खाते शोधून त्यातली रक्कम गोठवणे सोपे जाते. हे जितके लवकर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी अडण्याची शक्यता जास्त.