गाडीच्या विम्यात सर्वेअरने क्लेम कमी लावला तर कंपनीला पत्र असं लिहा

आधी सर्वे रिपोर्टची कॉपी मागून घ्या, नुसता आकडा बघून भांडू नका. माझ्या गाडीच्या बंपरचा क्लिप बसायचा कानच तुटलेला, तरी सर्वेअरने ‘रिपेअर’ लिहून 1,500 लावले आणि गॅरेजचं एस्टिमेट होतं नवीन बंपरचं, 8,000. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकवर 50 टक्के घसारा कापतातच, म्हणून पत्रात 8,000 नाही, 4,000 च मागितले, आणि कान तुटल्यावर बंपर का धरत नाही ते दोन गॅरेजवाल्यांकडून एस्टिमेटवरच सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं, सोबत तुटल्या जागेचा जवळून फोटो. पत्रावर क्लेम नंबर टाका, पोच घ्या. तोवर ‘फुल अँड फायनल’वर सही अजिबात करू नका! महिन्यात उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं.