फोन पडला, स्क्रीनवर रेघ आली: दुकानात जाण्याआधीची तयारी

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत आमच्या मामांचा फोन ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून खाली दगडावर पडला. काच खालच्या उजव्या कोपऱ्यातून तडकली आणि वरपासून खालपर्यंत एक केसासारखी बारीक हिरवी रेघ उभी राहिली. बाकी सगळं दिसत होतं, फोन लागत होते, म्हणून मामा म्हणाले, "चालतोय ना, रविवारी नाशिकला येईन तेव्हा बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रेघेशेजारी दुसरी उभी होती आणि कोपऱ्यात शाईच्या थेंबासारखा काळा डाग पसरायला लागला होता. मुकादमाचा नंबर, टोळीचे हिशेब, औषधांच्या बिलांचे फोटो, सगळं त्याच फोनमध्ये. म्हणून सगळ्यात आधी सांगते: दर विचारायला जाण्याआधी फोन रिकामा करा, म्हणजे आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. रेघ आलेली स्क्रीन आज आहे तशी उद्या असेल याचा काही भरवसा नसतो.

पडल्यावर पहिल्या तासात दोन गोष्टी करा. तडकलेल्या काचेवर रुंद सेलोटेप सपाट चिकटवा. त्यामुळे बोटात कुसळं जात नाहीत आणि भेगेतून ओल आत जायला थोडा अडथळा होतो. मामा तसाच फोन खिशात घेऊन फवारणीला जाणार होते, मी जाऊ दिलं नाही. काच फुटली की फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण संपलंच असं धरा. दुसरं, स्क्रीन दिसत असेल आणि टच चालत असेल तर फोन बंद करून चालू करू नका. रीस्टार्ट झाल्यावर अँड्रॉइड फोन पहिल्यांदा बोटाच्या ठशाने उघडत नाही, पिन किंवा पॅटर्न लागतोच. नेमका त्या आकड्यांवरचाच टच मेलेला असेल तर फोन चालू असूनही आतलं काही हाती लागत नाही. चार्ज भरपूर ठेवा, सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा आणि लगेच बॅकअपला लागा. याला एक अपवाद आहे. फोन आपोआप काहीबाही दाबायला लागला, ॲप उघडायला किंवा कुणाला फोन लावायला लागला, तर तो स्वतःच चुकीचा पिन टाकत राहून लॉक होऊ शकतो. असं दिसलं तर जमेल तेवढं पटकन उतरवून घ्या आणि फोन बंद करून ठेवा.

बॅकअपचा क्रम मी असा ठेवते. आधी नंबर: ते गुगल खात्यात आहेत की नुसते फोनमध्ये, हे दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर contacts.google.com उघडून बघा. मामांचे अर्ध्याहून जास्त नंबर फक्त फोनमध्ये होते. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून चॅट बॅकअप. फोटो बरेच असतील तर नेटवर विसंबू नका, केबल लावून संगणकावर `DCIM` हा फोल्डर आणि व्हॉट्सॲपच्या फोटोंचा फोल्डर उतरवा. टच मेला असेल पण चित्र दिसत असेल, तर टाइप-सी ओटीजी जोडून साधा यूएसबी माउस लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि सगळं क्लिक करता येतं. पैसे पाठवायच्या ॲपचं नवीन फोनवर पुन्हा नोंदणीचं काम बँकेत दिलेल्या सिमवरून एसएमएस जाऊनच होतं, तेव्हा सिम काढून कुठेतरी ठेवलंय आणि सापडत नाही, असं होऊ देऊ नका.

आता नेमकं काय फुटलंय ते ओळखायचं. दर यावरच ठरतो आणि दुकानदार आपल्याशी कसा बोलतो तेही यावरच. स्क्रीन म्हणजे नुसती काच नाही. वर काच, तिच्यात किंवा तिच्याखाली टचचा थर, त्याखाली चित्र दाखवणारं पॅनेल, आणि पॅनेलच्या कडेपासून बोर्डापर्यंत जाणारी पातळ पट्टी. हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं. नुसती वरची काच तडकली असेल तर चित्र स्वच्छ दिसतं, रेघ नाही, डाग नाही, टच सगळीकडे लागतो. पॅनेलमधल्या प्रत्येक उभ्या रांगेकडे स्वतःची अतिशय बारीक तार येते. पडताना पॅनेलची कड दाबली गेली की अशी एखादी तार किंवा तिचा सांधा तुटतो, त्या रांगेवरचा ताबा सुटतो आणि ती हिरवी, गुलाबी किंवा पांढरी पेटून राहते. हे पॅनेलचं दुखणं आहे, ते साफ करून किंवा दाबून बरं होत नाही. पसरणारा काळा किंवा जांभळा डागही पॅनेलचाच. रेघ हलत असेल, फोन हलका पिळल्यावर जात-येत असेल, तर मात्र पट्टीचं कनेक्टर सैल झालेलं असू शकतं. ते काम स्वस्तात होतं, म्हणून असं काही दिसलं तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

घरी करायची खात्रीची परीक्षा एकच. रेघ दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथे रेघ नसेल तर दोष स्क्रीनचा. स्क्रीनशॉटमध्येही रेघ आली तर दोष आतल्या बोर्डाचा किंवा सॉफ्टवेअरचा, आणि मग नवीन स्क्रीन बसवून काही उपयोग होणार नाही. मामांच्या फोनचा स्क्रीनशॉट माझ्या फोनवर अगदी स्वच्छ आला.

मग फोन टेबलाच्या काचेवर पालथा ठेवून बघा. तो डुलत असेल किंवा कडेखालून उजेडाची फट दिसत असेल तर फ्रेम वाकली आहे. वाकलेल्या फ्रेममध्ये बसवलेली नवी स्क्रीन पुढच्या हलक्या दाबानेही तडकते, आणि दुकानदार तेव्हा "तुम्ही पाडला असेल" असंच म्हणणार. स्क्रीन एका बाजूने उचलली गेली असेल तर बॅटरी फुगली नाही ना, हेही विचारा.

निघताना जवळ बिल हवं आणि `*#06#` डायल करून दिसणारा आयएमईआय नंबर लिहून घेतलेला हवा. फोनसोबत विमा किंवा स्क्रीन संरक्षण घेतलं होतं का ते आधी तपासा. घेतलं असेल तर कळवण्याची मुदत त्याच्या कागदात असते, आणि बाहेरच्या दुकानात फोन उघडला की दावा बहुधा अडकतो. साध्या वॉरंटीत पडून झालेलं नुकसान बसत नाही.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरून आम्ही दोघं चालतच एम. जी. रोडला गेलो. त्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा दर फोनवर विचारून ठेवला होता, म्हणजे हातात एक आकडा होता. बाजारात "डिस्प्लेचे किती?" असं विचारलं की मिळणाऱ्या उत्तराला अर्थ नसतो, कारण एकाच फोनला तीन-चार प्रकारचे डिस्प्ले मिळतात. म्हणून विचारायचं असं: हा कंपनीचा ओरिजिनल आहे, ओएलईडी कॉपी आहे की एलसीडी? मूळचा फोन ओएलईडीचा असेल आणि स्क्रीनखाली बोटाचा ठसा असेल, तर एलसीडी कॉपीवर तो ठसा चालणार नाही. काळा रंग राखाडी दिसेल, बॅटरी लवकर उतरेल आणि काही फोनमध्ये स्क्रीन थोडी वर येऊन बसते. नुसती काच बदलून देतो असं कुणी म्हणालं तर ते खरोखर करता येतं, पण पॅनेल धड असेल तेव्हाच. गरम करून काच सोडवताना नवीन रेघ येण्याचा धोका असतो, तेव्हा रेघ आली तर कुणाची जबाबदारी, हे आधीच ठरवा. आमच्याकडे रेघ आधीच होती, त्यामुळे हा पर्याय उरलाच नव्हता.

मामांचा हिशेब आम्ही रसवंतीत बसून बिलाच्या मागे मांडला. फोन 21,000 चा, सव्वादोन वर्षांचा. सर्व्हिस सेंटरचा ओरिजिनल डिस्प्ले जीएसटीसह 8,400 (जीएसटी धरलाय का, हे मुद्दाम विचारा, नाहीतर बिलात 18 टक्के वर चढतात). बॅटरी दुपारपर्यंतच टिकत होती, ती 1,600. म्हणजे 10,000. कंपनी सुरक्षेचे अपडेट अजून सुमारे दोन वर्षं देणार होती, म्हणजे 24 महिने, महिन्याला साधारण 417 रुपये. तोच फोन धड अवस्थेत जुन्या बाजारात 8,000 ला मिळत होता. आठ हजारांच्या वस्तूत दहा हजार घालायचे होते. दुसऱ्या बाजूला 18,000 चा नवा फोन, फुटक्याचे 1,500 वजा, उरले 16,500. चार वर्षं वापरला तर महिन्याला 344. ओएलईडी कॉपी 4,800 ला मिळत होती, पण तिच्यावर दुकानदार तीनच महिन्यांची हमी देत होता आणि जुनी बॅटरी तशीच राहणार होती. मामांनी नवा घेतला. हाच फोन आठ महिन्यांचा असता तर बॅटरीचा खर्च नसता आणि 8,400 रुपये साधारण 43 महिन्यांत वाटले जाऊन महिन्याला 195 पडले असते. तेव्हा मी डोळे मिटून ओरिजिनल स्क्रीन टाकायला सांगितलं असतं. माझ्या मते निव्वळ दुरुस्तीचा दर बघून निर्णय घेऊच नये. फोनचे किती महिने उरलेत आणि तोच फोन आज बाजारात कितीला मिळतो, हे दोन आकडे शेजारी हवेतच.

तुमचा निर्णय दुरुस्तीचा झाला तर पिन कागदावर लिहून देऊ नका. काही नव्या फोनमध्ये दुरुस्तीसाठीचा मोड असतो, सॅमसंगमध्ये तो Maintenance mode या नावाने सेटिंगमध्ये दिसतो. तो लावला की कारागिराला फोन तपासता येतो पण तुमचे फोटो, चॅट दिसत नाहीत. शक्य असेल तर समोर बसूनच काम करून घ्या आणि जुना डिस्प्ले परत मागा. रेघ नसलेल्या, नुसती काच फुटलेल्या जुन्या पॅनेलला बाजारात किंमत असते, ती बिलातून वजा करायला सांगता येते.

पैसे देण्याआधी काउंटरवरच दहा मिनिटं घ्या. पूर्ण पांढरं चित्र उघडून डाग बघा, मग पूर्ण काळं चित्र उघडून फोन हाताच्या सावलीत धरून रेघा बघा. एखाद्या ॲपचं चिन्ह दाबून धरा आणि बोट न उचलता स्क्रीनच्या कानाकोपऱ्यातून फिरवा. जिथे ते हातातून सुटतं तिथे टच मेलेला आहे. सॅमसंगवर `*#0*#` डायल केलं की रंग आणि टच तपासायचं पान उघडतं. एक फोन लावून कानाला लावा, स्क्रीन बंद व्हायला हवी. बोटाचा ठसा नव्याने नोंदवून बघा. चिकटवलेला गोंद वाळायला काही तास लागतात, तेव्हा रबर बँड लावून दिला असेल तर घरी पोचेपर्यंत काढू नका. आणि बिलावर "डिस्प्ले बदलला" एवढंच लिहून घेऊ नका. कोणता डिस्प्ले, हमी किती महिन्यांची, आणि त्या हमीत रेघ व टच दोन्ही येतात का, हे दुकानदाराच्या सहीनिशी लिहून घ्या.