वेळ संपली तरी गेम सुरूच? कन्सोलवर मर्यादा लावताना या चुका टाळा

‘रोज एक तास’ असं सेटिंग करून आपण निर्धास्त होतो आणि आठवड्याने लक्षात येतं, की मूल तर दोन-अडीच तास खेळतंय. अशा वेळी बहुतेक पालक म्हणतात, पॅरेंटल कंट्रोल बिघडलंय किंवा पोराने हॅक केलंय. माझ्या अनुभवात दोन्ही खरं नसतं. मर्यादा आपलं काम बरोबर करत असते, पण आपल्याला वाटतं त्या गोष्टीवर ती लावलेलीच नसते.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही मर्यादा यंत्राला आहे, की मुलाच्या खात्याला? निन्टेंडो स्विचवर खेळण्याची वेळ अख्ख्या यंत्राला लागते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ती मुलाच्या खात्याला लागते. खाली सांगितलेल्या बऱ्याचशा चुका या एका फरकातून निघतात.

चूक पहिली: स्विचवरचा वेळ प्रत्येक मुलाचा वेगळा आहे असं समजणं

आमच्याकडे मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची. स्विच एकच, पण दोघांची प्रोफाइल वेगळी. मी फोनवरच्या पॅरेंटल कंट्रोल अ‍ॅपमध्ये दीड तास लावला आणि मनात धरलं, की दोघांना दीड-दीड तास मिळेल. पहिल्याच दिवशी मुलगा शाळेतून आधी आला आणि एक तास वीस मिनिटं खेळला. मुलीच्या हातात कन्सोल आला आणि दहा मिनिटांत पडद्यावर अलार्म झळकला. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘‘आई, मी तर आत्ताच बसले!’’ तिचं अगदी खरं होतं. दीड तास यंत्राचा होता आणि तो दादाने आधीच वापरला होता.

गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे. अ‍ॅपमधल्या रोजच्या नोंदीत कोणत्या प्रोफाइलवर किती वेळ खेळ झाला हे वेगवेगळं दिसतं. त्यामुळे मर्यादाही वेगळी असणार असं वाटतं. नोंद माणशी होते, पण बंधन यंत्राला असतं. यावर उपाय साधा आहे. दोघांच्या वेळेची बेरीज करून तेवढी मर्यादा लावायची आणि त्यातली वाटणी आपण करायची. आम्ही दोन तास लावले, एकेक तास ठरवून दिला. कुणी जास्त घेतला का, हे रात्री अ‍ॅपमधल्या नोंदीवरून कळतं. ज्याने जास्त घेतला त्याचा वेळ दुसऱ्या दिवशी तेवढा कमी. वयाप्रमाणे गेम रोखण्याची पातळीसुद्धा यंत्रालाच लागते, त्यामुळे ती धाकटीच्या वयाची ठेवली की मोठ्याला त्याच्या गेमसाठी दर वेळी आपल्याकडून पिन टाकून घ्यावा लागतो. हा त्रास मला मान्य आहे. पण तो पिन मुलाला सांगून मोकळं होऊ नका, कारण त्याच पिनने त्या दिवसापुरता वेळेचा अलार्मही बंद करता येतो.

चूक दुसरी: सूचना देणं आणि थांबवणं यातला फरक न पाहणं

स्विचवर वेळ संपली की मुळात फक्त अलार्म येतो. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसते, खेळ चालू राहतो आणि किती वेळ जास्त झाला ते अ‍ॅप आपल्याला सांगतं. खेळ खरोखर थांबायला हवा असेल, तर वेळेच्या सेटिंगमध्येच असलेलं Suspend Software सुरू करावं लागतं. अ‍ॅपमध्ये रोज ‘मर्यादेपेक्षा चाळीस मिनिटं जास्त’ असं दिसत असेल, तर आधी हेच तपासा. बहुधा ते बंदच असतं.

प्लेस्टेशनवरही हीच निवड आहे. वेळ संपल्यावर काय व्हावं, याला Notify Only हा एक पर्याय आणि आपोआप लॉगआउट हा दुसरा. पहिला निवडला असेल, तर मुलाने सूचनेकडे काणाडोळा केला की विषय संपला.

पण इथे माझं एक ठाम मत आहे. पहिल्याच दिवशी सक्तीने बंद होणारा पर्याय लावू नका. स्विच खेळ जागच्या जागी थांबवतो, तरी ऑनलाइन सामना सुरू असेल तर त्यातून मूल बाहेर फेकलं जातं आणि संघातले बाकीचे खोळंबतात. प्लेस्टेशनवर लॉगआउट झालं की सेव्ह न केलेला खेळ जातो. माझ्या मुलाची चाळीस मिनिटांची लढाई अशी पुसली गेली, तेव्हा तो माझ्यावर जेवढा चिडला तेवढा क्वचितच चिडला असेल. त्यानंतर आम्ही आठवडाभर नुसत्या सूचनेवर काढला. त्या आठवड्यात त्याला कळलं, की कोणता गेम केव्हा सेव्ह होतो आणि एक सामना साधारण किती मिनिटं चालतो. मग लॉगआउट लावलं. सामना अर्धवट असेल, तर तो वेळ संपायच्या आधी येऊन सांगतो आणि मी त्या दिवसापुरती पंधरा मिनिटं वाढवून देते. प्लेस्टेशनवर आजच्या दिवसाचा वेळ कुटुंबप्रमुखाला वाढवता येतो. एक्सबॉक्सवर मूल जादा वेळेची विनंती पाठवू शकतं आणि ती पालकाच्या फोनवर येते.

चूक तिसरी: आपलं स्वतःचं प्रोफाइल उघडं ठेवणं

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर सगळ्यांत जास्त पालक इथे फसतात. मर्यादा मुलाच्या खात्याला असते, म्हणजे मूल दुसऱ्या खात्याने खेळलं तर तिथे मोजदादच होत नाही.

आमच्या पीएस५ वर मुलाच्या खात्याला रोज एक तास होता. अ‍ॅपमध्ये सगळं चोख, साठ मिनिटांवर एक मिनिट जास्त नाही. मी खूश होते. एकदा मी माझ्या खात्याची ट्रॉफींची, म्हणजे गेममध्ये मिळवलेल्या बक्षिसांची यादी सहज उघडली, तर तिथे रात्री पावणेअकराला मिळालेल्या तीन ट्रॉफी! ज्या गेमला मी कधी हात लावला नव्हता, त्या गेमच्या. मुलगा स्वतःचा तास संपला की माझ्या प्रोफाइलवर जात होता. त्याने काही फोडलं नव्हतं. प्रोफाइल निवडायच्या पडद्यावर माझं चित्र होतं आणि त्यावर कुलूप नव्हतं, एवढंच.

हे बंद करायला तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही केल्याशिवाय उपयोग नाही. पहिली, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या प्रोफाइलला लॉगिनचा पासकोड. फक्त आईचं बंद आणि बाबांचं उघडं, असं ठेवून चालत नाही. दुसरी, नवीन वापरकर्ता तयार करणं आणि पाहुणा म्हणून लॉगिन करणं बंद करणं. नाहीतर मूल नवं प्रोफाइल बनवून बसतं आणि त्यावर कसलंच बंधन नसतं. पीएस५ वर ही जागा अशी सापडते:

```
Settings > Family and Parental Controls > PS5 Console Restrictions
```

आत User Creation and Guest Login असं नाव दिसेल. इथे यंत्राचा वेगळा पासकोड विचारला जातो आणि तो कंपनीकडून आलेला असतो 0000. तो बदलणं ही तिसरी गोष्ट. तो तसाच राहिला, तर आपण लावलेलं कुलूप मूल दोन मिनिटांत उघडतं.

एक्सबॉक्सवरही हेच करायचं. पालकांच्या खात्याला साइन-इन करताना सहा आकडी पासकी विचारली जाईल असं सेटिंग ठेवा आणि पाहुण्यांसाठीही ‘गेस्ट की’ लावा. आकडे टाकताना मुलं कंट्रोलरवरच्या आपल्या बोटांकडे बघत असतात, तेवढं भान ठेवा.

हे सगळं झाल्यावर खात्री कशी करायची? मुलाच्या खात्याला मुद्दाम पंधरा मिनिटांची मर्यादा लावा, ती त्याच्या समोरच संपू द्या आणि मग त्यालाच सांगा, ‘‘आता आत जाऊन दाखव.’’ आमच्या मुलाने मला एक उघडी वाट याच पद्धतीने दाखवली: वर्षभरापूर्वी मामासाठी बनवलेलं आणि नंतर विसरलेलं प्रोफाइल.

चूक चौथी: किती वेळ आणि केव्हा, या दोन्हींचं एकच सेटिंग समजणं

रोजचा एक तास म्हणजे दिवसाचा हिशेब. दिवस उलटला की हिशेब नव्याने सुरू. मूल मध्यरात्रीनंतर उठून बसलं, तर त्याला नवा कोरा तास मिळतो आणि नियमानेच मिळतो. म्हणून स्विचवर झोपेच्या वेळेचा अलार्म, तर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर खेळायला परवानगी असलेले तास वेगळे भरावे लागतात. प्लेस्टेशनमध्ये वेळेच्या सेटिंगसोबत टाइम झोनही निवडायचा असतो. तो चुकला तर दिवस भलत्याच वेळी बदलतो. ‘संध्याकाळी मधूनच वेळ पुन्हा भरला’ अशी तक्रार असेल, तर पहिला संशय टाइम झोनवर घ्या.

स्विच इंटरनेटला जोडलेला नसेल, तर फोनवरून केलेला बदल त्याच्यापर्यंत पोचत नाही. जुनी मर्यादा मात्र चालू राहते. बदल करून फरक पडला नाही असं वाटलं, तर कन्सोल वायफायला जोडून पुन्हा बघा.

मर्यादेला न दिसणाऱ्या गोष्टी

कन्सोल फक्त स्वतःवरचा खेळ मोजतो. तोच गेम मूल फोनवर किंवा टॅबलेटवर खेळत असेल, तर तो वेळ यात येत नाही. एक्सबॉक्सचा वेळ मुलाच्या खात्यावर सगळ्या एक्सबॉक्सवर मिळून मोजला जातो, पण विंडोज कॉम्प्युटरचा हिशेब वेगळा असतो. दोन्हींसाठी एकच वेळापत्रक हवं असेल, तर ते मुद्दाम निवडावं लागतं. रोब्लॉक्स आणि फोर्टनाइटसारख्या गेमना स्वतःचे पॅरेंटल कंट्रोल आहेत आणि ते त्या गेमच्या खात्याला लागतात. त्यामुळे मूल कोणत्याही यंत्रावर खेळलं तरी ते सोबत जातात. एकच गेम सगळीकडे खेळणाऱ्या मुलासाठी मला ते कन्सोलच्या मर्यादेइतकेच गरजेचे वाटतात.

गप्पांचंही तसंच आहे. कन्सोलवर अनोळखी लोकांचे मेसेज आणि व्हॉइस चॅट बंद करता येतात. पण गेम कन्सोलवर आणि बोलणं शेजारच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून चाललं असेल, तर कन्सोलला त्याचा पत्ताही नसतो. वयाचं रेटिंगही गेममधल्या मजकुराचं असतं. समोरचे खेळाडू काय बोलतील हे त्यात धरलेलं नसतं.

खरेदीचं कुलूप वेळेच्या सेटिंगमध्ये शोधू नका. प्लेस्टेशनवर मुलाच्या खात्याला महिन्याची खर्चमर्यादा असते, एक्सबॉक्सवर खरेदीआधी पालकांची परवानगी मागण्याची सोय आहे आणि निन्टेंडोवर मुलाचं खातं कुटुंब गटात घेऊन तिथून ई-शॉपची खरेदी बंद करता येते. या तिन्ही सोयी मुलाच्या खात्यापुरत्या असतात. आपलं प्रोफाइल उघडं असेल आणि त्यात कार्ड साठवलेलं असेल, तर त्या खरेदीला यातलं काहीच अडवत नाही. तेव्हा पासकोड लावायला बसाल, त्याच वेळी स्वतःच्या खात्यातलं साठवलेलं कार्डही काढून टाका.