सभेच्या रेकॉर्डिंगमधून सूचनापत्रक: माझा अनुभव

शिक्षक सभेचं रेकॉर्डिंग ऐकताना अडतं ते एकाच ठिकाणी: बोलली गेलेली तारीख आणि ठरलेली तारीख वेगळी असते. आमच्याकडे पहिली घटक चाचणी ४ ऑगस्टला घ्यायची असं सुरुवातीला आलं. पुढे एक मॅडम म्हणाल्या, "सर, त्या सोमवारी कानबाईचं विसर्जन. अर्धा वर्ग रिकामा राहील." खान्देशात हे खरंच आहे. मग इतर विषय निघाले आणि बऱ्याच वेळाने मुख्याध्यापक म्हणाले, "बरं, मंगळवारीच सुरू करा." त्यात तारीखही नाही, चाचणीचं नावही नाही.

आता मी ऐकतानाच वहीत मिनिट-सेकंद, बोलणारा आणि 'सुचवलं' की 'ठरलं' एवढं लिहितो. एका विषयाच्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या की शेवटचं 'ठरलं' तेवढं घ्यायचं आणि वार कॅलेंडरशी ताडायचा.

जबाबदारीचंही तसंच. "प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्सचं कोणीतरी बघा" ही नेमणूक नव्हे. नाव घेतलं तरी होकाराची मान रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही, म्हणून त्या शिक्षकांना विचारूनच नाव लिहितो.

पत्रकात चर्चा आणत नाही, ती इतिवृत्तात जाते. मजकूर एवढाच:

"सर्व शिक्षकांना सूचित करण्यात येते की, पहिली घटक चाचणी मंगळवार, दि. ५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू होईल. विषय शिक्षकांनी प्रश्नपत्रिका गुरुवार, दि. ३१ जुलैपर्यंत परीक्षा विभागप्रमुखांकडे द्याव्यात."

मुख्याध्यापकांना कच्चा मसुदा दाखवताना मिनिटाची नोंद सोबत ठेवतो. शंका आली की तेवढाच तुकडा ऐकवता येतो.