नुसतं ‘रिफंड’ लिहून आलेल्या मेसेजला पहिलं उत्तर

चॅट सपोर्टच्या नोकरीत मला दुसराच आठवडा होता. एका ग्राहकाचा मेसेज आला, ‘पेमेंट फेल’. पुढे काहीच नाही. मी प्रशिक्षणात शिकवल्यासारखं नम्रपणे लिहिलं, ‘क्षमस्व. कृपया आपले पेमेंट डिटेल्स पाठवा.’ दोन मिनिटांत फोटो आला. डेबिट कार्डाची पुढची बाजू. पाठोपाठ मागची, सीव्हीव्हीसकट.

मी काही त्यांच्याकडे कार्ड मागितलं नव्हतं. पण ‘पेमेंट डिटेल्स’ म्हटल्यावर पैसे अडकलेल्या, घाबरलेल्या माणसाने आणखी काय समजावं? टीम लीडने तो फोटो चॅटमधून काढून टाकायला लावला आणि मला ग्राहकाला लिहायला सांगितलं की या कार्डाची माहिती उघड झाली आहे, बँकेच्या ॲपमधून ते आत्ताच ब्लॉक करा आणि नवीन मागवा. त्या बाईंचे पैसे अडकलेलेच होते, वर माझ्यामुळे कार्डही गेलं. तेव्हापासून ‘डिटेल्स’ हा शब्द मी उत्तरात वापरत नाही. जे हवं त्याचं नाव घेऊन विचारते.

विचारायच्या आधी पॅनल उघडा. ग्राहक ॲपमध्ये लॉगिन करून चॅटला आला असेल, तर त्याची ऑर्डर, रक्कम, वेळ, यूपीआय की कार्ड, हे सगळं समोर दिसतं. दिसतंय ते पुन्हा विचारलं की ग्राहक चिडतो, आणि चिडलेला माणूस हाताला लागेल ते सगळं पाठवून मोकळा होतो. मात्र मेसेज ईमेलवरून किंवा सोशल मीडियावरून आला असेल, तर समोरचा खरंच खातेदार आहे की नाही हे आपल्याला कळत नाही. तिथे ऑर्डरचा तपशील आपण होऊन सांगायचा नाही. ऑर्डर नंबर त्यांना विचारायचा आणि पुढचं बोलणं ॲपमधल्या चॅटवर न्यायचं.

‘रिफंड’ या एका शब्दामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ऑर्डर रद्द केली पण पैसे परत आले नाहीत. वस्तू आवडली नाही, परत करायची आहे. किंवा पैसे कापले गेले आणि ऑर्डर झालीच नाही. ‘पेमेंट फेल’चंही तसंच: कधी खात्यातून काही गेलेलंच नसतं, कधी दोनदा गेलेलं असतं. म्हणून पहिल्या उत्तरात मुख्य प्रश्न एकच ठेवायचा: खात्यातून पैसे गेले का, आणि किती वेळा?

नंतरचं एक प्रकरण सांगते, म्हणजे कळेल. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमाराला मेसेज आला, ‘पेमेंट फेल रिफंड’. पॅनलवर मात्र १,२४९ रुपयांची ऑर्डर व्यवस्थित नोंदलेली. नवखा माणूस इथे ‘आपली ऑर्डर यशस्वी झाली आहे, धन्यवाद’ लिहून मोकळा झाला असता. मी पेमेंटचे प्रयत्न पाहिले. ८:४२ ला एक यूपीआय प्रयत्न, बँकेचं उत्तर वेळेत न आल्याने फेल. ८:४४ ला दुसरा, यशस्वी. मी लिहिलं:

‘नमस्कार. आज रात्रीची १,२४९ रुपयांची तुमची ऑर्डर मला दिसते आहे आणि ती पक्की झाली आहे. त्याआधीचा एक प्रयत्न फेल दिसतो. पैसे कापल्याचा मेसेज बँकेकडून एकदा आला की दोनदा? दोनदा आला असेल तर तुमच्या यूपीआय ॲपच्या हिस्टरीत ८:४२ च्या व्यवहाराखाली १२ आकडी यूटीआर नंबर असेल, तेवढा लिहून पाठवा. कार्ड नंबर, ओटीपी, पिन लागत नाही, पाठवू नका.’

शेवटचं वाक्य मागणीला चिकटूनच हवं. वेगळ्या मेसेजमध्ये टाकलं तर ते वाचण्याआधीच फोटो येऊन पडतो. आणि ‘लिहून पाठवा’ मुद्दाम म्हटलंय. स्क्रीनशॉट मागितला की त्यात खात्यातली शिल्लक, इतर व्यवहार, कधी वर आलेलं ओटीपीचं नोटिफिकेशनसुद्धा येतं. यूटीआर तेवढा गुप्त नसतो. त्या नंबराने व्यवहार शोधता येतो, पैसे काढता येत नाहीत.

उत्तर आलं: दोनदा. सोबत यूटीआर. तो पेमेंट टीमने तपासला, तर आमच्याकडे त्या नंबराचे पैसे पोचलेलेच नव्हते. म्हणजे खात्यातून निघाले आणि वाटेत अडकले. असे पैसे आपण परत करू शकत नाही, कारण ते आपल्याकडे नाहीतच. इथे नवीन लोक एक चूक हमखास करतात. ग्राहकाला बरं वाटावं म्हणून पॅनलवरचं रिफंडचं बटण दाबतात. ते लागू होतं यशस्वी झालेल्या दुसऱ्या व्यवहाराला! मग ग्राहकाला वस्तूही मिळते, दोन्ही वेळचे पैसेही मिळतात, आणि आठवड्याने हिशेब विभागाचा फोन तुम्हाला येतो.

रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक अशा अडकलेल्या पैशांसाठीच आहे. दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे नोंद झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ती आपोआप परत जमा व्हायला हवी. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न पाहता. ऑनलाइन कार्डाने केलेल्या खरेदीलाही हीच मुदत. दिवस कॅलेंडरचे मोजायचे. म्हणून मी ‘पाच ते सात कामकाजाचे दिवस’ असलं गुळमुळीत न लिहिता सरळ लिहिलं: ‘बुधवारपर्यंत पैसे तुमच्या बँकेकडून परत जमा व्हायला हवेत. नाही झाले तर याच यूटीआर नंबरावर बँकेत तक्रार करा.’ हा रिफंड नाही, बँकेकडून होणारी उलट जमा आहे, हेही एका ओळीत सांगितलं. नाहीतर ग्राहक रोज ‘रिफंड कुठाय’ विचारत राहतो आणि आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं.

खरोखरचा रिफंड, म्हणजे आपल्याकडे आलेले पैसे परत करणं, हे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने होतं. त्यासाठी ग्राहकाकडून काहीही लागत नाही. ‘तुमचा यूपीआय आयडी द्या, टाकतो’ असं घाईत लिहू नका. फसवणारे नेमकं असंच बोलतात आणि मग पिन टाकायला लावतात. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. अडचण येते ती घरपोच रोख दिलेल्या ऑर्डरची, तिथे खातं विचारावंच लागतं. ते ॲपमधल्या फॉर्ममध्ये ग्राहकाने स्वतः भरायचं, चॅटमध्ये टाइप करून घ्यायचं नाही.

आणि कोणी न मागता ओटीपी पाठवला तर थांबा. बऱ्याचदा त्याच वेळी दुसरीकडे कोणीतरी ‘कस्टमर केअर’ म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलत असतं. ‘आत्ता तुमच्याशी फोनवर कोणी बोलतंय का?’ एवढं विचारा. हो म्हणाले तर ऑर्डरचं राहू दे. फोन ठेवायला सांगा, बँकेला कळवायला सांगा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. माझ्या चार वर्षांत असं तीनदा झालं. एका काकांनी विचारलं होतं, ‘मग तो फोनवरचा कोण? तोही तुमचाच माणूस म्हणतोय.’