‘या प्रकरणात चर्चा केली’ हे वाक्य खोडताना

प्रबंधाचं सातवं, म्हणजे निष्कर्षाचं प्रकरण मी चार दिवसांत लिहून काढलं होतं. बावीस पानं झाली होती, त्यामुळे जरा ऐटीतच ते सरांकडे दिलं. परत आलं तेव्हा पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: ‘अनुक्रमणिका पुन्हा कशाला दिलीस?’

माझा विषय शेततळ्यांचा. 2016 मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. शेततळ्यामागची कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि गरजेला वापरायचं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर घालून विहिरीचं किंवा बोअरचं पाणी त्यात उपसून ठेवतात आणि उन्हाळ्यात ते फळबागेला देतात. दुष्काळी पट्ट्यातल्या दोन गावांत हेच नेमकं कसं चालतं, ते मी पाहत होते.

आता माझ्या जुन्या मजकुराचा नमुना पाहा: ‘चौथ्या प्रकरणात शेततळी भरण्याच्या पद्धतींची चर्चा केली. पाचव्या प्रकरणात तळी नसलेल्या शेतकऱ्यांच्या अडचणींचा आढावा घेतला.’ यात खोटं काही नाही. पण चर्चेतून निघालं काय, याचा पत्ताच नाही. सरांनी मला ‘चर्चा केली’, ‘आढावा घेतला’, ‘मांडणी केली’ ही सगळी क्रियापदं लाल पेनाने अधोरेखित करायला लावली. पहिल्या तीन पानांतच पेन टेकवून मी हात वर केले. ही क्रियापदं मी काय केलं ते सांगतात, मला काय सापडलं ते सांगत नाहीत.

मग मी प्रकरणं बाजूला ठेवली आणि सिनॉप्सिसमधली उद्दिष्टं काढली. प्रत्येकासाठी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर एका वाक्यात उत्तर लिहायचं ठरवलं, ‘या प्रकरणात’ हे शब्द न वापरता. पहिलं उत्तर पटकन आलं: ‘पाहिलेल्या 11 तळ्यांपैकी 9 तळी मुख्यतः विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरली जातात.’ दुसरं असं: ‘तळी नसलेल्यांपैकी काहींनी याच काळात बोअर आणखी खोल नेले.’

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रबंधाचा खरा निष्कर्ष यांच्या मधे आहे. तळं मालकाला उन्हाळ्यात आधार देतं, पण पाणी ज्या भूजलातून येतं ते सगळ्यांचं असल्यामुळे त्या आधाराची किंमत काही अंशी शेजारी भरत असावा. चौथ्या प्रकरणात हे नव्हतं, पाचव्यातही नव्हतं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय ते दिसणारच नव्हतं, आणि मी तर प्रत्येकाचा सारांश वेगवेगळा देऊन मोकळी झाले होते.

‘भरत असावा’ हे शब्द मुद्दाम आहेत. मी आधी ‘भरतो’ लिहिलं होतं. सरांनी विचारलं, ‘अगं, बोअर खोल गेला तो तळ्यांमुळेच, हे तू कुठे मोजलंस?’ मोजलं नव्हतंच. उपशाला मीटर नव्हते, विहिरींची पातळी मी एकाच वर्षी टेपने घेतली होती आणि त्या वर्षी पाऊस बरा झाला होता.

मर्यादांचा परिच्छेद खरा इथून सुरू झाला. आधी तिथे ‘वेळ व निधीच्या अभावी अभ्यास दोन गावांपुरता मर्यादित आहे’ असं होतं. हे वाक्य कुठल्याही प्रबंधात खपेल, म्हणून माझ्या काही कामाचं नव्हतं. नव्याने लिहिताना प्रत्येक मर्यादा एका निष्कर्षाला बांधली. एकाच बऱ्या पावसाच्या वर्षाची नोंद असल्यामुळे दुष्काळात शेजारच्या विहिरींचं काय होतं, ते हा अभ्यास सांगू शकत नाही. पाणी कुठून येतं हा निष्कर्ष मात्र त्याने फारसा ढळत नाही, कारण पाइप आणि मोटारी मी स्वतः पाहिल्या होत्या. मर्यादा लिहिताना सगळंच कच्चं असल्याचा सूर लावायची गरज नाही. काय टिकतं, तेही सांगायचं.

पुढची दिशा मग शोधावी लागली नाही. कमी पावसाच्या वर्षी त्याच विहिरींची दर महिन्याला पातळी घ्यायची आणि तळ्यांपासून दूरच्या काही विहिरी तुलनेला धरायच्या. माझ्या जुन्या मसुद्यात त्या जागी ‘शासनाने जनजागृती करावी’ होतं. मी जागृतीबद्दल एकाही माणसाला एकही प्रश्न विचारलेला नव्हता!

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. तिसऱ्या उद्दिष्टाचा कागद कोराच होता. तळ्यातून बाष्पीभवनाने किती पाणी जातं ते मोजायचं मी सिनॉप्सिसमध्ये लिहून बसले होते, पण माझ्या नोंदी अर्ध्यावर तुटल्या होत्या. जुन्या मसुद्यात ‘बाष्पीभवनाचाही विचार केला’ या वाक्याआड ते लपून गेलं होतं. उद्दिष्ट गुपचूप गाळावं असं मनात आलं, पण सिनॉप्सिस विद्यापीठात जमा होता. शेवटी सरळ लिहिलं की सलग नोंदी नसल्याने या उद्दिष्टाचं उत्तर मिळालेलं नाही, आणि नोंदी कोणत्या महिन्यात व का तुटल्या तेही दिलं.

बावीस पानांची नऊ झाली. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी बाष्पीभवनावरच बोट ठेवलं, आणि उत्तर त्या नऊ पानांतच होतं.