धंदा चांगला चालतो, मग गृहकर्ज इतकं कमी का? उत्पन्नाच्या पुराव्यातल्या या चुका टाळा

नोकरदाराचं उत्पन्न बँकेला पगारपत्रकावर दिसतं. धंदेवाल्याचं उत्पन्न मात्र बँक स्वतः मांडून काढते, आणि ती मांडणी नेमकी कशी होते हे अर्जदाराला बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. गल्ल्यात रोज किती जमतं, हा आकडा तिथे कामाचा नसतो. आयटीआरमधला निव्वळ नफासुद्धा जसाच्या तसा घेतला जात नाही. त्यात काही रकमा मिळवल्या जातात, काही वजा होतात आणि जे उरतं त्यावर हप्ता ठरतो. पुढच्या बहुतेक चुका या मांडणीतच होतात.

आकडे धरूनच पाहू. समजा, नाशिकच्या सातपूरमध्ये एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि मालकी एकट्याची आहे. आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५,४०,००० आणि ताज्या वर्षी ६,६०,००० रुपये आहे. मशीनसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता महिन्याला १२,००० रुपये जातो. गृहकर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी मिळणार असं धरू, म्हणजे लाखामागे साधारण ९०० रुपये हप्ता. बँकेच्या धोरणाप्रमाणे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. हे प्रमाण प्रत्येक बँकेत आणि उत्पन्नाप्रमाणे थोडंफार बदलतं, पण हिशेब समजायला निम्मं पुरे.

पहिली चूक: फक्त पावती देणं, पूर्ण ताळेबंद न देणं

आयटीआरची एका पानाची पावती आणि दोन वर्षांचं ‘कॉम्प्युटेशन’, म्हणजे करपात्र उत्पन्नाचा हिशेब, एवढंच दिलं, की बँकेच्या माणसाला फक्त नफा दिसतो. दोन वर्षांची सरासरी ६ लाख, म्हणजे महिन्याला ५०,०००. त्याचं निम्मं २५,००० आणि त्यातून मशीनचा हप्ता वजा केला की उरले १३,०००. त्यावर कर्ज बसतं साडेचौदा लाखांच्या आतबाहेर.

आता त्याच माणसाचं नफा-तोटा पत्रक पूर्ण उघडू. पहिल्या वर्षी घसारा ९०,००० आणि दुसऱ्या वर्षी १,२०,००० रुपये आहे. घसारा म्हणजे खिशातून गेलेले पैसे नव्हेत, तो वह्यांतला खर्च आहे, म्हणून बँका तो नफ्यात परत मिळवतात (काही ठिकाणी ठराविक मर्यादेपर्यंतच). दुसरी रक्कम मशीनच्या कर्जावरच्या व्याजाची: पहिल्या वर्षी ६०,०००, दुसऱ्या वर्षी ५०,०००. हे व्याज नफा काढताना एकदा वजा झालेलं आहे. बँक पुढे त्याच कर्जाचा पूर्ण हप्ताही वजा करते आणि हप्त्यात व्याज असतंच. व्याज परत मिळवलं नाही, तर एकाच खर्चाचा भुर्दंड दोनदा बसतो.

दोन्ही मिळवल्यावर पहिलं वर्ष ६,९०,००० आणि दुसरं ८,३०,००० होतं. सरासरी ७,६०,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ६३,३००. निम्मं ३१,६५० धरून मशीनचे १२,००० वजा केले, तर उरतात साधारण १९,६५०. कर्ज पावणेबावीस लाखांच्या वर जातं. धंदा तोच, कागद पूर्ण दिले एवढाच फरक, आणि रक्कम सात लाखांनी वाढली.

म्हणून दोन किंवा तीन वर्षांचा आयटीआर, कॉम्प्युटेशन, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद हे सगळं परिशिष्टांसकट द्या. घसाऱ्याचा तक्ता वेगळा असावा, आणि व्याज ‘बँक चार्जेस’मध्ये मिसळलेलं नसावं. ते एकत्र असेल तर बँक ते शोधत बसत नाही. कर्जाचं वार्षिक व्याज प्रमाणपत्र सोबत जोडलं की प्रश्न मिटतो. कॅश क्रेडिटवरचं व्याज मात्र बहुधा नफ्यात परत मिळवलं जात नाही, कारण ते खेळत्या भांडवलाचा कायमचा खर्च मानलं जातं.

दुसरी चूक: ४४एडीचा सरळ सहा-आठ टक्के नफा

आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली वह्या न ठेवता उलाढालीवर अंदाजे नफा दाखवता येतो: रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के. शब्द ‘किमान’ आहे. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा असतो. पण अनेक जण डोळे मिटून ६ टक्क्यांवर थांबतात.

आपल्या वर्कशॉपची उलाढाल ४८ लाख धरू आणि ती सगळी बँकेतून. ६ टक्के म्हणजे २,८८,०००, महिन्याला २४,०००. निम्मं १२,०००. मशीनचा हप्ताही १२,०००. गृहकर्जासाठी उरलं शून्य. शिवाय या पद्धतीत घसारा आधीच धरल्याचं मानलं जातं, त्यामुळे नफ्यात परत मिळवायला काही राहत नाही.

इथे एक जुनी सवय तपासून बघा. कर वाचवायला नफा कमी दाखवायचा, हे गणित २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून बरंच पोकळ झालं आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे आयकर शून्य येतो (भांडवली नफ्यासारखी खास दराची उत्पन्नं वेगळी). म्हणजे खरा नफा सात लाख असताना तीन लाख दाखवून कर एक रुपयाही वाचत नाही, फक्त कर्ज जातं.

तिसरी चूक: दोन वर्षांची विवरणपत्रं एका आठवड्यात भरणं

बँक आकड्याआधी पावतीवरची तारीख बघते. घर बघून झालं, मग सीएकडे पळापळ आणि मागची विवरणपत्रं एकदम भरली, हे तारखांवरून लगेच कळतं. अशा वेळी कोणी अर्ज परत करतं, कोणी ताजं वर्ष बाजूला ठेवून जुन्यावर हिशेब करतं.

नफ्यातली अचानक उडीही तशीच खटकते. ४ लाखांवरून थेट ९ लाख झाले, तर सरासरी साडेसहा लाख येईल असं गृहीत धरू नका. बऱ्याच धोरणांत वाढीवर मर्यादा असते, किंवा मग कमी असलेलं वर्षच धरलं जातं. उडी खरी असेल तर कारण कागदावर द्या: नवं मशीन घेतल्याचं बिल, मोठ्या ग्राहकाची खरेदी ऑर्डर, जीएसटी विवरणपत्रांत त्याच महिन्यांत वाढलेली विक्री.

मागचं उत्पन्न वाढवून दाखवण्यासाठी अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय कायद्यात आहे. त्यावर जादा कर लागतो, तो सुरुवातीच्या मुदतीत २५ टक्के आणि पुढे चढत जातो. पण कर्जासाठी म्हणून ते भरायचं असेल, तर आधी बँकेला विचारा. अर्जाच्या तोंडावर भरलेलं असं विवरणपत्र अनेक ठिकाणी धरतच नाहीत, आणि मग कर भरून हातात काही राहत नाही. घर घ्यायचं मनात आलं की दोन आर्थिक वर्षं आधीपासूनच नफ्याचं ठरवावं, हे त्यापेक्षा स्वस्त.

चौथी चूक: तीन ठिकाणी तीन उलाढाली

आयटीआर, जीएसटी विवरणपत्र आणि बँक स्टेटमेंट हे तिन्ही शेजारी ठेवून बघतात. फरक असणं हा गुन्हा नाही, फरकाचा खुलासा नसणं अडचणीचं ठरतं. वर्कशॉपचीच उलाढाल घ्या. वह्यांत विक्री ४८ लाख आहे, पण ग्राहक १८ टक्के जीएसटी धरून पैसे देतात, म्हणून खात्यात ५६,६४,००० दिसणं बरोबर आहे. त्यात बचत खात्यातून वळवलेले २ लाख आणि मेव्हण्याकडून घेतलेले उसने ३ लाख मिसळले, की जमा ६१ लाखांच्या पुढे जाते आणि प्रश्न सुरू होतात.

साध्या कागदावर एक जुळवणी करून द्या: एकूण जमा, त्यातून स्वतःच्या खात्यांतल्या बदल्या वजा, उसनवार वजा, जीएसटी वजा, वर्षाच्या सुरुवातीची व शेवटची येणी धरून उरलेली विक्री. एका पानाचं काम आहे. पण फाईल तपासणाऱ्याचा तासभर वाचतो आणि तो तुमच्याविषयी बरं मत घेऊन पुढे जातो.

अर्जाच्या आधी महिना-दोन महिने खात्यात रोख भरणा वाढवायचा, हा उपाय उलटाच पडतो. बँका साधारण १२ महिन्यांचं स्टेटमेंट बघतात, आणि पुष्कळ जण दर महिन्याच्या ५, १५, २५ अशा ठरलेल्या तारखांची शिल्लक घेऊन सरासरी काढतात. शेवटचे दोन महिने फुगलेले तिथे लगेच उघडे पडतात. परत गेलेले धनादेश आणि न वटलेले हप्ते तर त्याहून वाईट. ग्राहकाचा धनादेश परत गेला तर ते चालतं, तुमचा स्वतःचा परत गेलेला टोचतो.

पाचवी चूक: नवा ‘उद्यम’ दाखला म्हणून धंदाही नवा

साधारणपणे किमान तीन वर्षांचा धंदा मागतात. दुकान १२ वर्षांचं, पण उद्यम नोंदणी गेल्या वर्षीची आणि तेवढाच दाखला दिला, तर धंदा एका वर्षाचा धरला जाऊ शकतो. जुना गुमास्ता परवाना, पहिलं विवरणपत्र, जुनं चालू खातं, यांतलं सर्वांत आधीचं जे असेल ते जोडा. सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा त्या कागदाचा १८ अंकी ओळख क्रमांक हवाच. बँक तो संकेतस्थळावर तपासते.

रक्कम कमी मंजूर झाली असेल तर

आधी पात्रतेचा हिशेब मागा. शाखेतल्या अधिकाऱ्याला ‘मला किती उत्पन्न धरलं, घसारा मिळवला का, मशीनच्या कर्जाचं व्याज मिळवलं का’ एवढे तीन प्रश्न विचारले तरी घोळ कुठे आहे ते कळतं. घसारा किंवा व्याज राहिलं असेल तर कागद देऊन फेरविचाराचा अर्ज करा.

तिथे चूक नसेल तर चालू हप्त्याकडे वळा. आपल्या वर्कशॉपवाल्याचं मशीनचं कर्ज समजा ३ लाख ८० हजार शिल्लक आहे. ते फेडलं तर १२,००० मोकळे होतात आणि गृहकर्जाची पात्रता सुमारे १३ लाखांनी वाढून ३५ लाखांच्या घरात जाते. पण हे पैसे स्वतःच्या हिश्श्यातून काढू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, आणि १० लाखांवरच्या घरात मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. ४० लाखांच्या घराला ८ लाख आणि वर शुल्क हाताशी लागतं. हप्ता संपत आला असेल तर बँकेला उरलेल्या हप्त्यांची संख्या दाखवा, कारण शेवटचे थोडेच हप्ते राहिलेलं कर्ज अनेक बँका मोजतच नाहीत, आणि मग मुदतीआधी फेडायची गरज पडत नाही.